पैठणी दुपट्ट्याचं इंग्रजी

प्रश्न: आमचं अमळनेरला साड्यांचं दुकान आहे. दोन महिन्यांपासून ऑनलाइनही विकतोय. सुरतहून ७५० रुपयांना आणलेला पैठणी दुपट्टा मी इंग्रजीत 'प्युअर सिल्क पैठणी स्कार्फ' म्हणून टाकला. परदेशातून चार ऑर्डरी आल्या, त्यातल्या दोन परत आल्या. एक बाई म्हणे, हा फारच मोठा आहे. दुसरी म्हणे, हे सिल्क नाही. पैठणी, दुपट्टा, पदर, काठ, खण, नौवारी हे शब्द इंग्रजीत कसे समजावायचे? भाषांतर करायचं की तसेच ठेवायचे?

उत्तर:

भाऊ, तुमची दोन पार्सलं दोन वेगळ्या कारणांनी परत आली आहेत. पहिलं परत आलं ते चुकीच्या शब्दामुळे. दुसरं परत आलं ते खोट्या शब्दामुळे, आणि तो खोटा शब्द बहुतेक तुमचा नाही, तुमच्या व्यापाऱ्याचा आहे. मी जळगावात पंधरा वर्षं काउंटरवर साड्या विकल्या. गेली काही वर्षं आजूबाजूच्या दुकानांच्या मालाचं इंग्रजी वर्णन लिहिते. त्या अनुभवावरून सांगते की दुपट्ट्याची गोष्ट सोपी आहे आणि पैठणीची अवघड. सोप्यापासून सुरुवात करू.

'स्कार्फ' म्हटलं की लंडनच्या बाईच्या डोळ्यांसमोर गळ्याला गुंडाळायचा पट्टा येतो, वीतभर किंवा फार तर दीड वीत रुंद. तुम्ही तिला जवळजवळ अडीच मीटर लांब आणि हात-दोन हात रुंद कापड पाठवलंत. ती म्हणाली फारच मोठा आहे, आणि तिचं बरोबर आहे. मग 'शॉल' लिहावं का? शॉल म्हटलं की ऊब आली. डिसेंबरात घ्यायला निघालेली बाई पातळ झिळझिळीत कापड बघून पुन्हा परतच पाठवणार. 'व्हेल' तर नकोच, त्याला चेहरा झाकण्याचा आणि धर्माचा वास आहे. त्यातल्या त्यात 'स्टोल' जवळचा, पण स्टोल साधारण ७० सेंटीमीटर रुंद असतो आणि दुपट्टा ९० ते १०० सेंटीमीटर. डोक्यावरून घेऊन दोन्ही खांद्यांवरून खाली सोडता येणं ही दुपट्ट्याची खूण आहे आणि स्टोल तिथे कमी पडतो.

म्हणून दुपट्ट्याचं भाषांतर करू नका. शब्द तसाच ठेवा, पण तो एकटा सोडू नका. त्याच्या शेजारी एक वाक्य हवं, आणि त्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कापड केवढं आहे, ते कुठे घेतात, आणि पाकिटात त्याच्यासोबत काय नाही. ही तिसरी गोष्ट सगळे विसरतात. फोटोत मॉडेलने कुर्ता घातलेला असतो आणि विकायला फक्त दुपट्टा असतो. आपल्याकडचं गिऱ्हाईक ते न सांगता समजतं. ज्याने दुपट्टा कधी पाहिलाच नाही त्याला वाटतं अख्खा पोशाख येणार. मराठीत आपण याला ओढणी म्हणतो, पण इंग्रजीत लिहिताना हिंदी शब्दच घ्या, कारण शोधणारी माणसं तोच टाइप करतात. ओढणी हवी तर खाली टॅगमध्ये जाऊ दे.

एक गंमत सांगते, कारण तुम्हाला तिच्यात अडखळायची वेळ येईल. परदेशी पार्सलावर कस्टमचा एचएसएन कोड लिहावा लागतो. शिवलेल्या किंवा कडा बांधलेल्या दुपट्ट्याचा कोड ६२१४, आणि त्या गटाचं नावच शाली, स्कार्फ, मफलर वगैरे असं आहे. म्हणजे कस्टमच्या फॉर्मवर तुमचा 'स्कार्फ' बरोबर, आणि दुकानाच्या पानावर चूक. कस्टमवाल्याला गट कळला की पुरे. गिऱ्हाइकाला त्या कापडाची घडी अंगावर कशी पडेल ते कळायला हवं. फॉर्मवरचा शब्द उचलून पानावर टाकू नका.

आता पैठणीकडे वळू. हा शब्द दुपट्ट्यासारखा नुसता वस्तूचं नाव नाही. कांदा म्हणजे कांदा, पण पैठणी म्हणजे 'अमुक ठिकाणी, अमुक पद्धतीने विणलेलं' असा दावा आहे. पैठणी साड्या आणि कापड या नावाची भौगोलिक मानांकन म्हणून नोंद झालेली आहे, १९९९ च्या कायद्याखाली. भलत्या ठिकाणच्या मालाला ते नाव लावणं हा गुन्हा होऊ शकतो, नुसती थाप राहत नाही. म्हणून इंग्रजी लिहायच्या आधी हातात काय आहे ते बघायला हवं. भाषेचा प्रश्न तिथे सुटतो.

आपल्या खानदेशाची गंमत अशी की आपण येवला आणि सुरत या दोन्हींच्या मधोमध बसलोय. भुसावळ-मुंबई लाइनने मनमाडला उतरलं की येवला जवळ. आणि तुमच्या अमळनेरहून नंदुरबारमार्गे गाडी सरळ सुरतला. दोन्हीकडचा माल आपल्या दुकानात एकाच फळीवर येतो आणि आपण दोन्हींना पैठणीच म्हणतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं तोवर त्यात काही बिघडत नाही. साडेसातशेचा दुपट्टा हातात घेणाऱ्या बाईला तो येवल्याच्या मागावरचा नाही हे पक्कं माहीत असतं. किंमतच तिला सांगते. परदेशातल्या बाईला आपली किंमत वाचता येत नाही. तिच्या पैशात ते थोडेच असतात, स्वस्तात मिळालं एवढंच तिला वाटतं. म्हणून जे काम इथे किंमत करते ते तिथे शब्दांना करावं लागतं.

खरी पैठणी ओळखायची खूण तिच्या पदरात आहे. पदरावरचा मोर विणताना विणकर जिथे जो रंग हवा तिथे त्या रंगाचा आडवा धागा हाताने घालतो, आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो. धागा त्या रंगाची हद्द ओलांडत नाही. म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, फक्त डावीकडचा उजवीकडे जातो. फार तर धाग्यांची बारीक टोकं हाताला लागतात. इंग्रजीत या विणीला टॅपेस्ट्री म्हणतात, आणि हा शब्द तिकडच्या लोकांना माहीत आहे. तो तुमच्या फार कामाचा आहे. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी उठवण्यासाठी मागावर बसवलेल्या यंत्रावर, विणलेल्या कापडात मोराच्या रंगाचे धागे मागच्या बाजूने कापडभर धावतात. ते मागे लोंबतात, किंवा कापून टाकले की मागे दाढीचे खुंट वाढल्यासारखं दिसतं. कधी कधी ते दिसू नयेत म्हणून मागे अस्तर लावतात. पदराला मागून अस्तर लावलेलं दिसलं की आधी त्याची एक शिवण उसवून बघा.

इथे एक सावधगिरी. मागची बाजू फक्त विणीची पद्धत सांगते, माग हाताचा की विजेचा ते सांगत नाही. जॅकार्ड हातमागावरही बसवतात, आणि अशा हातमागावरच्या जॅकार्ड पैठण्या खुद्द येवल्यातही होतात. त्याला हातमागाचा म्हणायला हरकत नाही, पण टॅपेस्ट्री म्हणता येणार नाही. माग कुठला ते विकणाऱ्याकडून लेखी घ्यायचं. हातमागाचा शिक्का असेल तर उत्तम. कापड नुसतं हातात घेऊन 'हँडलूम आहे' असं छातीठोकपणे मीसुद्धा सांगत नाही.

धाग्याची परीक्षा वेगळी. तुमच्या दुसऱ्या बाईची तक्रार तीच होती. तुमच्यासारखाच सुरती पैठणी दुपट्टा आत्ता माझ्या टेबलावर आहे, राणी रंगाचा आणि मोरपंखी काठाचा, त्यावरच करून दाखवते.

आधी बिल. या दुपट्ट्याच्या बिलावर मालाचं नाव 'पैठणी सिल्क दुपट्टा' आहे आणि एचएसएन ५४०७. रेशमी कापडाचा कोड ५००७ असतो. ५४०७ म्हणजे कृत्रिम सलग धाग्यांचं विणलेलं कापड, यात पॉलिएस्टर आलं. व्यापारी तोंडाने सिल्क म्हणतो आणि कर खात्याला खरं सांगतो, त्याला दोष कशाला द्यायचा. त्याच्या लेखी सिल्क हे धाग्याचं नाव नाही, झळाळीचं नाव आहे. तुमचं बिल काढून बघा. त्यावर ६२१४ एवढंच असेल तर मात्र धागा कळणार नाही, कारण तो कोड फक्त वस्तूचा आहे.

मग काडेपेटी. दुपट्ट्याच्या गोंड्याचा धागा जाळू नका, ही चूक मी सुरुवातीला केली होती. गोंडे बहुतेक वेळा वेगळ्या धाग्याचे असतात आणि मागाहून बांधलेले असतात. कापडाच्या अंगातून सुईने एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही वेगवेगळे जाळा, कारण उभा एका जातीचा आणि आडवा दुसऱ्या जातीचा असं सर्रास चालतं. रेशीम हळू जळतं, ज्योतीतून बाहेर काढलं की विझतं, केस जळल्याचा वास येतो, आणि राख बोटांत चुरडली की भुगा होते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं आणि वितळतं, काळा धूर निघतो, आणि टोकाला कडक मणी राहतो जो नखाने फुटत नाही. व्हिस्कोज कागदासारखं भुरुभुरू जळतं आणि मऊ करडी राख ठेवतं. माझ्या दुपट्ट्याच्या दोन्ही धाग्यांचे मणी झाले. म्हणजे पॉलिएस्टर. पाठ उलटी करून बघितली तर मोरामागे कापलेल्या धाग्यांचे खुंट. म्हणजे जॅकार्ड. टेपने मोजलं तर लांबी २४० सेंटीमीटर आणि रुंदी ९२. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली.

आता लिहायला बसू. तुमच्या शीर्षकाची पहिली शब्दजोडी 'प्युअर सिल्क' होती. ती गेली. 'आर्ट सिल्क' लिहून पळवाट काढाल, तर तीही नको. आपल्याकडे आर्ट म्हणजे आर्टिफिशियल हे कापडवाल्यांना ठाऊक आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला तो 'कलात्मक रेशीम' असा वाटतो आणि मग त्याचा दुप्पट संताप होतो. शिवाय अमेरिकेत आणि युरोपात कापडाच्या लेबलवर धाग्याचं खरं नाव आणि टक्केवारी कायद्याने लागते. पॉलिएस्टरला पॉलिएस्टर म्हणायचं, व्हिस्कोजला व्हिस्कोज. सिल्क हा शब्द फक्त रेशमाच्या किड्याच्या धाग्यासाठी.

'पैठणी' शब्द पूर्ण काढायचा का? मी काढत नाही, कारण गिऱ्हाईक त्याच नावाने शोधतं आणि नक्षी खरोखरच त्या घराण्याची आहे. पण तो वस्तूचं नाव म्हणून उभा राहता कामा नये. 'पैठणीच्या धर्तीचं' असं लिहायचं आणि तेवढ्यावर न थांबता ते कुठे आणि कशावर विणलंय तेही लिहायचं. 'स्टाइल' हा शब्द बारीक अक्षरात घालून वर मोठ्या अक्षरात पैठणी ठेवणारे बरेच आहेत, त्यांच्या वाटेने जाऊ नका. माझ्या दुपट्ट्याचं पान मी असं लिहिलं:

```
Paithani-style dupatta, magenta with teal border,
woven peacock ends

A dupatta is a long, wide drape worn over the shoulders,
usually with a kurta. This one is machine-woven in Surat
in the style of a Paithani, the handwoven silk saree of
Maharashtra. Polyester with gold-coloured metallic thread.
240 x 92 cm, about 94 x 36 in. One dupatta only; the kurta
in the photo is not included.
```

यात एक गोष्ट बघा. जरीला मी सोनेरी रंगाचा धातूसारखा धागा म्हटलं आहे. नुसतं 'गोल्ड जरी' लिहिलं की काही लोकांना खरंच सोनं वाटतं. आपल्याकडे टेस्टेड जरी, म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा, आणि प्लास्टिकची जरी असे भेद आहेत. तुमच्याकडे टेस्टेड जरीची वस्तू असेल तर ती गोष्ट वेगळ्या वाक्यात सांगा, कारण तिची किंमत त्यामुळेच आहे. प्लास्टिकच्या जरीला मात्र 'रंगाचा' हा शब्द चिकटलेलाच ठेवा.

दुसरं, मी 'पदर' हा शब्द कुठेही आणलेला नाही. साडीला पदर एकच असतो, आणि इंग्रजीत त्याला `pallu` लिहिलेलं जास्त लोक ओळखतात. दुपट्ट्याला मात्र दोन टोकं असतात आणि पैठणी दुपट्ट्यात दोन्हीकडे मोर असतात. तिथे पल्लू लिहिलं की साडी घेणाऱ्या बायका त्या पानावर येतात आणि निराश होऊन जातात. दुपट्ट्याला सरळ 'एंड्स' म्हणा, काठाला 'बॉर्डर'. या दोन शब्दांना भाषांतर चालतं, कारण ते कापडाचे भाग आहेत आणि कापडाला भाग जगभर असतात.

उद्या तुम्ही येवल्याहून खरी पैठणी आणलीत, आणि आणावी असं मला वाटतं, तर तिचं वाक्य वेगळं होईल:

```
A Paithani is a handwoven silk saree from Yeola and Paithan
in Maharashtra. The peacocks on its pallu, the decorated end,
are woven as tapestry, so they look the same on both sides.
```

शेवटच्या ओळीतलं दोन्ही बाजूंनी सारखं दिसण्याचं वाक्य माझ्या मते अख्ख्या पानात सगळ्यात जास्त विकतं. त्याच्यासोबत पदराच्या मागच्या बाजूचा एक फोटो लावा. 'ट्रॅडिशनल', 'रॉयल', 'एथनिक' हे शब्द दहा वेळा लिहून जे होत नाही ते त्या एका फोटोने होतं. पण उलटा फोटो लावायचा तर माल खराच हवा, हे सांगायला नको.

पैठणीवरच्या नक्षीच्या नावांचं काय करायचं? बांगडी मोर म्हणजे गोलात बसवलेला मोर, एवढं सरळ लिहिलं की झालं. मुनियाला 'पॅरट' म्हणा, काठावरच्या त्या हिरव्या पक्ष्याला सगळे पोपटच समजतात. आसावली म्हणजे फुलांची वेल. कुयरीला इंग्रजीत तयार शब्द आहे, 'पेझली'. स्कॉटलंडमधल्या त्या नावाच्या गावात आपल्याकडच्या शालींच्या नकला विणत असत, त्यावरून तो पडला. नकलेचं नाव जगभर झालं आणि कुयरी घरात राहिली. मला ते खटकतं, पण गिऱ्हाईक पेझलीच शोधतं, म्हणून पेझली.

आता ज्या शब्दांपासून मी तुम्हाला जास्त जपायला सांगेन, ते तुमच्या यादीत नाहीतच. मराठी-हिंदी शब्द वाचणाऱ्याला कळत नाहीत, त्यामुळे तो निदान थांबतो, विचारतो. घोटाळा करतात ते आपण इंग्रजी समजून वापरतो ते शब्द. ते वाचणाऱ्याला कळतात, पण भलतेच कळतात.

सुरुवातीला मी फैजपूरच्या एका दुकानासाठी 'कॉटन सूट विथ दुपट्टा' असं लिहिलं होतं. आपल्या दृष्टीने स्वच्छ: कुर्त्याचं कापड, सलवारीचं कापड, दुपट्टा. एका बाईने विचारलं, जॅकेटला किती बटणं आहेत? मला आधी कळेचना. सूट म्हणजे तिच्या लेखी कोट-पँट. त्यावर कडी म्हणजे मी 'ड्रेस मटेरियल' हा शब्द खाली घातला होता, आणि फोटो शिवलेल्या ड्रेसचा होता. एकीने घेतला आणि पाकिटातून घड्या केलेलं कापड निघालं. पैसे परत गेले, पार्सलाचा खर्च अंगावर पडला. तेव्हापासून न शिवलेल्या मालाच्या शीर्षकातच, पहिल्या चार शब्दांत, 'अनस्टिच्ड' असतो. `Unstitched salwar kameez fabric, 3 pieces` एवढं लिहिलं की प्रश्न येत नाहीत.

ब्लाउज पीस हाही असाच. त्यांच्याकडे ब्लाउज म्हणजे ऑफिसला घालायचा सैलसर शर्ट. साडीच्या पानावर 'विथ ब्लाउज' दिसलं की त्यांना वाटतं शिवलेला ब्लाउज, आणि ते साइज विचारतात. 'ब्लाउजसाठी ८० सेंटीमीटर न शिवलेलं कापड' असं लिहा. ते साडीला जोडलेलंच असेल, ज्याला आपण रनिंग म्हणतो, तर ते कापून घ्यावं लागेल हेही लिहा. नाहीतर ती बाई अख्खी ६.३ मीटरची साडी नेसायचा प्रयत्न करते आणि निऱ्या संपत नाहीत.

'फॉल-पिको केलेली' हे तर मजेशीरच. फॉल म्हणजे अमेरिकेत शरद ऋतू. साडीच्या खालच्या काठाला आतून पट्टी शिवली आहे आणि कडा बंद केल्या आहेत, असं फोडून सांगावं लागतं. टिश्यू साडी लिहिली की कागदी रुमाल आठवतो, म्हणून 'टिश्यू, जरीच्या धाग्याने विणलेलं तलम कापड' इतकं हवंच. 'फॅन्सी', 'पार्टी वेअर', 'डेली वेअर' हे शब्द काढून टाका, त्यांनी काही कळत नाही.

रंगांच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे आणि म्हणूनच तिथे घसरायला होतं. राणी, मोरपंखी, अबोली, डाळिंबी, वांगी, पोपटी, मोतिया. दुकानात 'अबोली दाखवा' म्हटलं की हात बरोबर त्या गठ्ठ्याकडे जातो. अबोलीचं फूल ज्याने पाहिलं नाही त्याला तुम्ही त्या फुलाचं वर्णन लिहून काय उपयोग? तो सॅमनसारखा, म्हणजे नारिंगीकडे झुकलेला गुलाबी आहे, एवढं सांगा. राणी म्हणजे मजेंटा. मोरपंखी म्हणजे 'टील'. पोपटी म्हणजे 'पॅरट ग्रीन', हा तसाच चालतो. 'रामा ग्रीन' आपल्या व्यापाऱ्यांच्या बिलात इंग्रजीत लिहिलेला असतो म्हणून लोक तो तसाच पानावर चढवतात, पण भारताबाहेर रामा रंग कोणाला माहीत नाही. तोही टीलच्या जवळपास जातो. वाइन मात्र चालेल.

धूपछाव कापडाचा घोळ सगळ्यात मोठा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे घडी हलली की रंग बदलतो. फोटोत एकच रंग येतो, आणि 'रंग वेगळा आला' म्हणून माल परत येतो. इंग्रजीत रेशमाच्या बाबतीत याला 'शॉट सिल्क' म्हणतात. पॉलिएस्टर असेल तर सिल्क शब्द नको, 'टू-टोन' म्हणा. आणि दोन्ही रंग नावानिशी सांगा: गुलाबी उभ्यावर हिरवा आडवा. खिडकीजवळ कापड दुमडून एक जास्तीचा फोटो घेतला की रंगासाठी माल परत येणं बरंच कमी होतं. निदान माझं तरी झालं.

तुमच्या यादीतले बाकीचे दोन शब्द. खण हा इंग्रजीत `khan` लिहिलात तर आडनावं आणि सिनेनटच समोर येतील. बहुतेक विक्रेते `khun` लिहितात, तेच धरा. त्याला 'चोळीसाठी विणलेलं, बारीक नक्षीचं कापड' अशी एक ओळ जोडा. ते मूळचं कर्नाटकातल्या गुळेदगुड्डकडचं, तेव्हा त्याला महाराष्ट्राचं हातमाग कापड म्हणून विकू नका. नौवारीला 'नाइन-यार्ड साडी' हे नाव रूढ झालं आहे. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, तो आकडा द्या. एक वार ०.९१ मीटरचा, इकडे दुकानात आपण अजून वारच बोलतो, पण गिऱ्हाईक मीटर आणि इंच समजतं. आणि तिला कासोटा घालून, परकराशिवाय नेसतात हे एका वाक्यात आलंच पाहिजे. शिवलेली नौवारी असेल तर शीर्षकातच 'स्टिच्ड', कारण तिला लांबी नसते, कमरेचं माप असतं. आपल्या आज्या ज्याला लुगडं म्हणायच्या ते हेच, पण लुगडं शब्द इंग्रजी पानावर कोणी शोधत नाही. परकर-पोलक्याचं विचाराल तर 'मुलीचा लांब घागरा आणि झंपर' असं सांगा, आणि परकर शब्द एकटा ठेवू नका, कारण त्याचा अर्थ साडीखालचा पेटीकोटही होतो.

स्पेलिंगचा फार विचार करू नका, पण एक ठरवा आणि ते सगळीकडे ठेवा. शीर्षकात `saree`, कारण भारतातले आणि परदेशी गेलेले आपले लोक तेच लिहितात. वर्णनात एकदा `sari` येऊ द्या, इंग्रज तसं लिहितात. `dupatta` मध्ये पी एकच आणि टी दोन. एत्सीसारख्या ऑनलाइन बाजारात टॅग २० अक्षरांचा असतो, मधल्या जागा धरून. `paithani silk dupatta` एका अक्षराने बसत नाही. तुमच्या मालात सिल्क नाहीच, त्यामुळे तुम्हाला ते दुःख नाही. `paithani dupatta` बसतो.

राहता राहिली परत आलेली दोन पार्सलं. ती पुन्हा विकायला काढायच्या आधी त्यांच्या पाकिटावर व्यापाऱ्याने चिकटवलेलं 'प्युअर सिल्क'चं लेबल असेल तर काढून टाका. पान कितीही नीट लिहिलं तरी बाई पाकीट उघडते तेव्हा पहिलं तेच वाचते. पुढे कोणी 'फारच मोठा आहे' म्हणून परत पाठवायला निघाली, तर तिला मात्र आधी एक निरोप पाठवून बघा. दुपट्टा सोफ्यावर टाकून बघा म्हणावं. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी तसा ठेवून घेतला आहे.